‘आज किती आली?’ : शुगरचा कंटाळा आणि घरातलं बोलणं

प्रश्न : अकरा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी बायको विचारते, ‘आज किती आली?’ दोन महिन्यांपासून मी मशीन काढलंच नाही, मनानेच १२० सांगून देतो. गोळ्याही अधूनमधून राहतात. फार कंटाळलो आहे. (वय ५४, महाल)

तुम्ही आळशी नाही. ज्या कामाला रविवारची सुट्टीही नसते, त्याचा हा शीण आहे. बाकी सगळ्यात गोडी असते, फक्त शुगरचं नाव निघालं की माणूस मिटतो, ही त्याची खूण. पण दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्यही असू शकतं आणि त्यावर वेगळे उपचार लागतात. जगूच नये असं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

पहिल्यांदा डॉक्टरांना खरं सांगा. एचबीए१सी तपासणीत साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते, त्यामुळे लपवलेलं तिथे दिसतंच. त्यांना थेट विचारा, ‘मला रोज तपासायची खरंच गरज आहे का?’ फक्त गोळ्यांवर असलेल्या, शुगर स्थिर असलेल्या बऱ्याच जणांना रोज बोट टोचावं लागत नाही. आठवड्यातले ठरावीक दिवस पुरत असतील, तर अर्धं ओझं तिथेच उतरतं. गोळ्या मात्र स्वतःहून कमी करू नका.

मग बायकोशी बोला. सकाळी मशीनसमोर नको आणि जेवणाच्या ताटावरही नको. शुक्रवारी तलावाकडे पायी जाताना, दोघंच असताना बोला. ‘दोन महिने मी आकडे मनाने सांगतोय. तू विचारलं की काल काय खाल्लं याचा जाब द्यावा लागतोय असं वाटतं. रागावू नको, आधी ऐकून घे.’ एवढं बोलून थांबा आणि तिला विचारा, ‘तुला नेमकी कशाची भीती वाटते?’ तिच्या माहेरी कुणाचा पाय कापावा लागला असेल, कुणाचं डायलिसिस चालू असेल. तिचा रोजचा प्रश्न बहुतेक वेळा त्या भीतीतून येतो, आणि ते कळलं की तुमचा आवाजही खाली येतो.

त्यानंतर नेमकं काय हवं ते मागा. ‘काळजी करू नको’ म्हणून काही होत नाही. ‘आकडे मी वहीत लिहीन, रविवारी दोघं पाहू, मधल्या दिवसांत विचारू नको. गोळ्यांचा आठवड्याचा डबा मात्र माझ्यासोबत भर.’ उपाशीपोटीची शुगर अपुऱ्या झोपेने वाढते, आणि पहाटे यकृत साखर सोडतं तेव्हाही वाढते. म्हणून वहीत १६० दिसलं तर ‘काय खाल्लं?’ न म्हणता ‘कालची रात्र कशी गेली?’ असं विचारायचं, हेही ठरवा.

या कराराला एकच अपवाद ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला, बोलणं बरळल्यासारखं झालं आणि शुगर ७० च्या खाली असली, तर परवानगी न घेता तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. तुम्हाला गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, टाइप १. अकरावीपर्यंत सगळं स्वतः करायचा. आता इन्सुलिन घेतलं म्हणतो, पण पेनमधलं औषध कमीच होत नाही. विचारलं की दार लावून घेतो. (मनीषनगर)

इथे महालच्या गृहस्थांसारखी ढील देता येत नाही. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्यामुळे बाहेरून घेतलेलं बंद पडलं तर एखाद-दोन दिवसांतही रक्तात कीटोन नावाचं आम्ल साचू शकतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला फळासारखा वास दिसला तर सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालयात न्या. लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात ठेवा.

त्याला म्हणा, ‘महिनाभर रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन मी देते, तू फक्त दंड पुढे कर. ती एक गोष्ट तुझ्या डोक्यावरून उतरू दे.’ हे शिक्षा म्हणून आलं तर तो नाकारेल, मदत म्हणून आलं तर बरेचदा मान्य होतं. जेवणाआधीचे डोस त्याचेच राहतील, पण पेन टेबलावर सर्वांना दिसेल असं असावं. चुकला तर त्याने लगेच सांगावं, आणि सांगितल्यावर कुणीही ओरडणार नाही, हे वडिलांसमोर ठरवा. ओरडा बसला की पुढच्या वेळी तो लपवेल, आणि धोका लपवण्यातच आहे. डॉक्टरांकडे त्याला थोडा वेळ एकट्याला बोलू द्या.

प्रश्न : लग्नात, दिवाळीत सगळे माझ्या ताटाकडे बघतात. संत्रा बर्फी हातात घेतली की जाऊबाई ओरडतात. (वय ६१, धरमपेठ)

त्यांना बाजूला घेऊन एकदाच सांगा : ‘ताई, मी बर्फी मोजूनच घेते, त्या जेवणात भात कमी करते. चारचौघांत टोकलं की मी घरी जाऊन लपून दुप्पट खाते.’ दुसरं वाक्य सांगायला जड जाईल, तरी सांगा. तेवढ्यावर न थांबता टोकलं, तर नवऱ्याने मध्ये पडून विषय बदलावा, हे निघायच्या आधीच घरी बोलून ठेवा.