हिरवी झाक, दातेरी कडा आणि राजहंसगडाचं ऊन

प्रश्न: निपाणीत एका हॉलमध्ये हिरवा कपडा लावून मोबाईलवर पोवाड्याचं शूटिंग केलं. मागे राजहंसगडाचा संध्याकाळचा व्हिडिओ टाकला, तर शाहिरांच्या पांढऱ्या फेट्याला हिरवी झाक येते, कडा दातेरी दिसतात आणि माणूस चिकटवल्यासारखा वाटतो. काय करू?

उत्तर: मी बेळगावात एडिटिंगचं काम करतो. लग्नाचे आणि पोवाड्याचे व्हिडिओ नेहमीच हातात येतात, आणि त्यात पांढऱ्या फेट्याची ही तक्रार सर्वांत जास्त असते. पांढरा कपडा आजूबाजूचा कुठलाही रंग लगेच उचलतो. शाहीर पडद्यापासून तीन-चार फुटांवर उभे असतील, तर पडद्यावरचा उजेड उलटून थेट त्यांच्या फेट्यावर आणि खांद्यावर येतो. हे अंतर आठ-दहा फूट ठेवा. पडद्याला वेगळे दिवे लावा, पण त्याचा उजेड चेहऱ्यापेक्षा जास्त नको. पडदा जितका झगझगीत, तितकी झाक जास्त. साटीनसारखा चमकणारा कपडा टाळा. खडेबाजारात साधं, बिनचमकीचं सुती कापड मागितलं तरी काम भागतं.

आता झालेलं शूटिंग कसं वाचवायचं ते सांगतो. झाक काढणारं टूल, म्हणजे डिस्पिल, बहुतेक वेळा एकच हिशेब करतं: हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा वर गेला, की तो सरासरीवर आणायचा. फेट्याच्या कडेला लाल १८०, हिरवा २१५, निळा १७० असेल, तर हिरवा १७५ वर येतो आणि फेटा पुन्हा पांढरट होतो. पण हाच हिशेब जरीच्या काठावर लावून बघा. तिथे लाल २३०, हिरवा १८०, निळा ४०. सरासरी १३५. म्हणजे जरीला झाक नसतानाही तिचा हिरवा आकडा कापला जातो आणि सोनेरी काठ तांबूस होतो. कपाळावरच्या हळदीचंही तसंच होतं. अशा वेळी टूलमध्ये सरासरीऐवजी लाल-निळ्यातल्या मोठ्या आकड्याची मर्यादा निवडता येत असेल, तर ती निवडा. नसेल, तर जरीवर मास्क काढून तेवढा भाग डिस्पिलमधून वगळा. आणखी एक: हिरवा कापला की कडा थोडी काळवंडते. ती उजळवताना मागच्या आभाळाचा रंग किंचित मिसळा, म्हणजे कडा मागच्या दृश्यात बसते.

दातेरी कडेचं मूळ बहुधा मोबाईलमध्ये आहे. साधारण मोबाईल चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतो, आणि की, म्हणजे हिरवा पडदा गाळून माणूस वेगळा काढणारी कापणी, तर रंगावरूनच निघते. म्हणून शूटिंग 4K मध्ये करा आणि शेवटचा व्हिडिओ 1080p मध्ये काढा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. मोबाईलचं शार्पनिंग बंद करता येत असेल तर करा, कारण ते कडेभोवती एक पांढरी रेघ ओढतं. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या दोन्हींवर ट्यूबलाइट फडफडत नाही, आणि 1/100 वर डफावरचा हात कमी धूसर दिसतो.

की काढताना Keylight हे टूल वापरत असाल, तर View मध्ये Screen Matte, म्हणजे काय राहतंय आणि काय गळतंय ते दाखवणारं काळं-पांढरं चित्र, लावून बघा. Clip Black आणि Clip White एकमेकांजवळ रेटले की पडदा साफ दिसतो, पण कडेचे राखाडी पिक्सेल मरतात आणि दाते तिथेच तयार होतात. त्यापेक्षा दोन की काढा. एक कडक, जरा आत ओढलेली, फक्त अंगाच्या आतली भोकं बुजवायला. दुसरी मऊ, न रेटलेली, कडेसाठी. मग दोन्ही एकावर एक ठेवा.

चिकटवल्यासारखं दिसण्याचं कारण मात्र ही की नसून उजेड आहे. गडावर ऊन डावीकडून तिरपं येतंय आणि शाहिरांच्या डोळ्यांखाली छतावरच्या ट्यूबची सावली आहे. एडिटिंगमध्ये ती सावली वळवता येत नाही, हे शूटिंग पुन्हाच करावं लागेल. यावेळी आधी गड शूट करा. तिथेच मित्राला उभा करून एक फोटो काढा आणि नाकाची सावली गालावर कुठवर जाते ते बघा. हॉलमध्ये छतावरचे दिवे बंद करून एक मोठा दिवा डावीकडे, सावली तेवढीच पडेल अशा उंचीवर लावा. तो जितका लांब, तितकी सावली रेखीव. उजवीकडे पांढरा थर्माकोल पुरे. व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे 5600K वर लॉक करा. गडावर कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ धरला असेल, तर हॉलमध्येही तसाच धरा, नाहीतर क्षितिज चुकीच्या जागी येतं. रंग जुळवताना शाहिरांच्या चित्रातला सर्वांत काळा भाग जवळच्या तटाच्या दगडांशी ताडून बघा. लांबचे डोंगर धुरकट असतात, त्यांच्याशी जुळवलंत तर माणूस फिका पडतो.

एकच दिवा हाताशी असेल, तर गडाचं शूटिंग पावसाळी ढगाळ दिवशी करा. तेव्हा ठळक सावलीच नसते. हॉलमध्ये दिव्यापुढे पांढरी चादर ताणून वरून मऊ उजेड दिला की तेवढ्यावर जुळतं.