६० लाखांच्या फ्लॅटसाठी हातात किती रोख हवी?

प्रश्न: पुण्यात बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट घेतोय. कर्ज सोडून स्वतःचे किती पैसे लागतील?

साधारण साडेएकोणीस लाख धरून चाला. गृहकर्जाच्या फायली रोज हाताळतो, त्यात लोक फसतात ते एकाच ठिकाणी: बँक करारातल्या किमतीवर कर्ज देते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला मर्यादा किमतीच्या ८० टक्के, म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त ४८ लाख. बाकीचा हिशोब असा:

- डाउन पेमेंट: १२ लाख
- मुद्रांक शुल्क ७ टक्के (मेट्रोचा एक टक्का धरून): ४ लाख २० हजार
- नोंदणी फी: ३० हजार (१ टक्का, पण कमाल मर्यादा हीच)
- जीएसटी ५ टक्के: ३ लाख

वर बँकेची प्रोसेसिंग फी आणि बिल्डरचं आगाऊ मेंटेनन्स. पार्किंग करारात आहे का तेही बघा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं, तेव्हा बुकिंगआधी तो दर पाहून घ्या. टीडीएसचा १ टक्का मात्र जादा खर्च नाही, तो बिल्डरला द्यायच्या रकमेतूनच कापून भरायचा असतो.

हा आकडा बदलू शकतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेला फ्लॅट घेतलात तर जीएसटीचे ३ लाख वाचतात. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ६० हजार. तुमचं नाव जोडलंत की ती गेली.