लग्नाच्या एलईडी वॉलसाठी फोटो-व्हिडिओ फोर के लागतात का?

प्रश्न: जळगावला बहिणीचं लग्न आहे. स्टेजमागे 13 बाय 8 फुटांची एलईडी वॉल असणार आहे. त्यावर दाखवायचे फोटो आणि व्हिडिओ फोर के मध्येच बनवावे लागतील का?

उत्तर: नाही. वॉल मोठी दिसते, पण तिच्यात पिक्सेल फार कमी असतात. ऑपरेटरला दोनच गोष्टी विचारा: पॅनलचा पिच किती, आणि आडवे-उभे किती पॅनल लागणार. पिच म्हणजे दोन दिव्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. पी 3.91 चं अर्ध्या मीटरचं पॅनल असेल तर त्यात 128x128 पिक्सेल असतात. तुमच्या मापाला असे 8 आडवे आणि 5 उभे लागतील, म्हणजे वॉल झाली 1024x640. साध्या मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000x3000 असतो, त्यामुळे फोर के चा बहुतेक तपशील इथे वायाच जातो.

घोटाळा होतो तो आकारात. तुमची वॉल 16:10, तर नेहमीचा 1920x1080 व्हिडिओ 16:9. वॉलला चित्र पुरवणाऱ्या ऑपरेटरच्या प्रोसेसरने तो ताणून बसवला की चेहरे सुमारे 10 टक्के अरुंद, लांबोडके दिसतात. प्रोसेसरवर स्केलिंग, म्हणजे चित्र वॉलच्या मापाला लहान-मोठं करणं, बंद असेल तर लॅपटॉपच्या स्क्रीनचा वरचा डावा कोपराच वॉलवर येतो आणि नवरी अर्धी कापली जाते. म्हणून ऑपरेटरला मधला 1728x1080 भागच घ्यायला सांगा. तो बरोबर 16:10 आहे. तुम्ही व्हिडिओ 1920x1080 मध्येच बनवा, फक्त डावी-उजवीकडे 96-96 पिक्सेलच्या पट्टीत चेहरा किंवा नाव ठेवू नका.

फोटोला नियम एकच: कापून झाल्यावर रुंदी 1024 च्या खाली जाऊ नये. ग्रुप फोटोतून आजीचा चेहरा 300 पिक्सेलचा कापून वॉलभर लावला तर तो पुसट होणारच. अल्बममधला 4 बाय 6 इंचाचा जुना फोटो 300 डीपीआयवर स्कॅन केला तर 1800x1200 मिळतात, तेवढे पुरतात. मोबाइलने उभा काढलेला फोटो पूर्ण दाखवला तर 480x640 एवढीच जागा भरतो. शेजारी दुसरा उभा फोटो जोडा, जवळपास सगळी वॉल भरते.

व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो पिक्सेलने पुरतो, पण दाबला जाऊन त्यात चौकोनी डाग पडतात, आणि इथे एकेक पिक्सेल चार मिलिमीटरचा असल्याने ते डाग उठून दिसतात. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्हवर द्या.

नावं लिहिताना बारीक, नाजूक फॉन्ट टाळा. रेघ दोन पिक्सेलपेक्षा बारीक झाली की अनुस्वार आणि वेलांट्या गायब होतात. वॉलवर अक्षराची उंची निदान 60 पिक्सेल, म्हणजे साधारण 9 इंच ठेवा.

हळदीच्या दिवशी वॉल उभी झाली की एक फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ लावून मांडवाच्या मध्यावरून पाहा. जवळ उभं राहून ठरवू नका, पी 3.91 ला चार मीटरच्या आत दिवे सुटे-सुटेच दिसतात.