नाव आणि प्रवाह: दोन वेगांची सरासरी घेऊन ताळा होतो का?

"नाव-प्रवाहाच्या गणितात उत्तर आल्यावर मी दोन्ही दिशांच्या वेगांची सरासरी काढतो. संथ पाण्यातला वेग परत आला की उत्तर बरोबर धरतो. तरी मार्क जातात. का?"

सरासरीची रीत बरोबरच आहे. प्रवाहाबरोबर जाताना प्रवाहाचा वेग मिळतो, उलट येताना तेवढाच वजा होतो, त्यामुळे बेरजेच्या निम्मे केले की नावेचा वेग उरतो. अडचण ते दोन वेग तुम्ही कुठून आणता यात आहे.

दहावीच्या मुलांना मी नेहमी देतो ते गणित घ्या. संथ पाण्यात नावेचा वेग ताशी १८ किमी. २४ किमी उलट जायला, तेवढंच प्रवाहाबरोबर जाण्यापेक्षा १ तास जास्त लागतो. प्रवाहाचा वेग किती?

समजा तुमचं उत्तर चुकून ५ आलं. दोन वेग १८ + ५ = २३ आणि १८ − ५ = १३. सरासरी १८! पण ५ च्या जागी ७ किंवा ११ घातले तरी १८ च येणार, कारण तुमचं उत्तर एकदा मिळवलं आणि एकदा वजा केलं. ते कटून गेलं, तपासलं गेलंच नाही. वेळ काढा: २४ ÷ १३ म्हणजे सुमारे १.८५ तास, २४ ÷ २३ म्हणजे सुमारे १.०४ तास. फरक जेमतेम ४८ मिनिटं, हवा होता १ तास. चूक इथे सापडते. आता ६ घाला: वेग १२ आणि २४, वेळ २ तास आणि १ तास. जुळलं.

याच गणिताच्या वर्गसमीकरणाचं दुसरं मूळ −५४ आहे. त्याचीही सरासरी १८ येते, आणि गंमत म्हणजे ते मूळ समीकरणातही बसतं. पण त्यात प्रवाहाबरोबरचा वेग −३६ होतो, म्हणून ते सोडायचं. प्रवाहाचा वेग शून्यापेक्षा जास्त आणि नावेच्या वेगापेक्षा कमी आहे ना, एवढं आधी पाहून घ्या.

मग सरासरी खरी कामाला कधी येते? दोन्ही वेळा गणितातच दिलेल्या असतात तेव्हा. ३६ किमी प्रवाहाबरोबर ३ तासांत, परत यायला साडेचार तास. वेग १२ आणि ८, तुमच्या उत्तराला हात न लावता मिळालेले. सरासरी १०. इथे बरीच मुलं ७२ किमीला साडेसात तासांनी भागून ९.६ लिहितात. तो पूर्ण फेरीचा सरासरी वेग झाला. उलट येताना जास्त वेळ जातो, म्हणून तो नावेच्या वेगापेक्षा कमीच भरतो. ९.६ ला ताडून पाहा: १२ − ९.६ = २.४, पण ९.६ − ८ = १.६. एकाच नदीला जाताना एक वेग आणि येताना दुसरा कसा असेल? १० घेतले की दोन्हीकडे २ येतात.