दोन फोन, दोन टाळ्या

प्रश्न: काका वरुडजवळच्या खेड्यात राहतात, कॉलवर आवाज तुटतो. मुलाखत स्वच्छ कशी रेकॉर्ड करू?

कॉल बोलण्यापुरता ठेवा आणि दोघांनीही आपापला आवाज शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. कॉल चालू असताना त्याच फोनवरचा रेकॉर्डर बहुतेक वेळा मुकी फाइल देतो. शेजाऱ्याचा फोन तासभर मागून घ्या, गावात कोणी नाही म्हणत नाही. दोघांनी इअरफोन लावा. सुरुवातीला आणि शेवटी काकांनी एकेक टाळी वाजवावी. तेवढ्यापुरता तुमचा इअरफोन रेकॉर्डरला टेकवा, म्हणजे ती टाळी तुमच्या फाइलमध्येही येईल. मग ऑडॅसिटी या संगणकावरच्या ऑडिओ एडिटरमध्ये दोन्ही फाइलींतली पहिल्या टाळीची उंच टोकं जुळवा. मात्र दोन फोनांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे शेवटची टाळी थोडी सरकलेली दिसेल. तेवढा फरक मधल्या शांत जागा कापून किंवा वाढवून भरून काढा.