खरेदीखतातले ‘उर्फ’ : कोणत्या नावाला लावायचे, कोणत्या नाही

प्रश्न : आईला तिच्या वडिलांकडून आलेली जमीन विकायची आहे. आधार-पॅनवर ‘लक्ष्मी गणपत जाधव’, वारसाच्या जुन्या फेरफारात ‘सोनाबाई कोम गणपत जाधव’, आताच्या सातबाऱ्यावर ‘सोनुबाई गणपत जाधव’ आणि आजोबांच्या एका कागदात ‘सोना सखाराम पवार’. खरेदीखतात चारही नावे ‘उर्फ’ लावून लिहायची का? आधी कोणते? की ‘पूर्वाश्रमीच्या’ म्हणावे?

चारही नको. यांतल्या एकाच जोडीला ‘उर्फ’ लागतो, बाकीच्यांचा रोग वेगळा आहे.

‘उर्फ’ मूळ अरबी. ‘ओळखणे, जाणणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला. आपली ‘मार्फत’ आणि ‘तारीफ’ ही त्याच घराण्यातली, म्हणजे ‘कुलमुखत्यारामार्फत’ लिहिताना त्याच्याच भावंडाला बोलावलेले असते. अर्थ असा, की माणूस एक आणि लोक त्याला या नावानेही ओळखतात, त्या नावानेही. टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, पण ओळख बाळ या नावाने. म्हणून ‘केशव उर्फ बाळ गंगाधर टिळक’ हा चोख वापर. दोन्ही नावे खरी असावी लागतात. लिहिणाऱ्याच्या चुकीने तयार झालेल्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही, तेव्हा तिथे ‘उर्फ’ लावला की चुकीलाच नावाचा मान मिळतो.

तुमच्या आईंच्या बाबतीत ‘सोनाबाई’ हे माहेरचे आणि ‘लक्ष्मी’ हे सासरी ठेवलेले नाव असणार. दोन्ही चालू राहिली, तेव्हा ‘उर्फ’ इथे बसतो. ‘कोम’ म्हणजे ‘ची बायको’. पुरुषांच्या नावात ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’ येतो, तशीच ही जुन्या दप्तराची लिहिण्याची रीत. तो नावाचा भाग नाही, त्यासाठी काहीच करायला नको. ‘सोनुबाई’ ही उतरवून घेतानाची चूक दिसते, कारण मूळ फेरफारात ‘सोनाबाई’ आहे. ती खरेदीखतात ‘उर्फ’ने झाकू नका. फेरफाराची नक्कल जोडून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज द्या आणि सातबारा दुरुस्त झाल्यावरच दस्त करा. वेळ जातो, पण पुढचा घोळ वाचतो.

राहिले ‘सोना सखाराम पवार’. तिथे मधले नाव आणि आडनावही वेगळे आहे, कारण ते लग्नाआधीचे आहे. त्यासाठी सरळ ‘माहेरचे नाव’ असे कंसात लिहावे. ‘पूर्वाश्रमीच्या’ वर्तमानपत्रात शोभतो. मूळ अर्थाने तो आश्रम बदललेल्याचा, मुख्यतः संन्याशाचा शब्द. शिवाय आधीचे नाव लग्नाआधीचे, घटस्फोटाआधीचे की राजपत्रात जाहिरात देऊन बदललेले, हे त्यातून कळत नाही. दस्तात कारण कळणेच महत्त्वाचे. राजपत्राने नाव बदलले असेल तर ‘पूर्वीचे नाव’ लिहून राजपत्राची तारीख द्यावी, तिथेही ‘उर्फ’ नको.

आता जागा. ज्या नावाला पर्याय आहे, त्याला चिकटून ‘उर्फ’ यावा :

लिहून देणार : श्रीमती लक्ष्मी उर्फ सोनाबाई गणपत जाधव (माहेरचे नाव सोना सखाराम पवार), वय …, धंदा शेती, रा. …

‘लक्ष्मी गणपत जाधव उर्फ सोनाबाई’ असे शेवटी लटकवले की सोनाबाईला ना नवरा राहतो ना आडनाव. एकाच नावात दोन ‘उर्फ’ही टाळा. ‘लक्ष्मी उर्फ सोनाबाई गणपत जाधव उर्फ पाटील’ यातून चार वेगवेगळी नावे तयार होतात आणि दप्तरात त्यांतली दोनच असतात. आडनावही बदलत असेल तर दोन्ही नावे पूर्ण लिहून मध्ये एकच ‘उर्फ’ घालावा, लांबी वाढली तरी चालेल.

आधी ओळखपत्रावरचे नाव लिहावे, कारण नोंदणीच्या वेळी समोर उभी राहणारी, सही करणारी व्यक्ती त्या नावाची असते. ‘उर्फ’नंतर अधिकार अभिलेखातले, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव, अक्षरशः तिथे आहे तसे. याउलट क्रमाने लिहिणारेही आहेत, त्याने दस्त बिघडत नाही. पण एकदा ठरवलेला क्रम आणि ‘उर्फ’ की ‘ऊर्फ’ हे दोन्ही दस्ताच्या पहिल्या पानापासून सहीखालच्या नावापर्यंत एकच ठेवा. सही मात्र नेहमीची, एकच.

‘तथा’ वापरू नका. सत्कारपत्रिकेत ‘रामचंद्र तथा बापूसाहेब’ छान दिसते, पण ‘तथा’चा अर्थ ‘आणि’ असाही होतो. लिहून देणारी माणसे एक की दोन, हा संशय विकत कशाला घ्यायचा? तिरकी रेघही त्याच कारणाने नको.

नुसत्या ‘उर्फ’ने काही सिद्ध होत नाही, ते विकणाऱ्याचे स्वतःबद्दलचे म्हणणे असते. म्हणून मिळकतीच्या वर्णनानंतर खुलासा यावा :

“सदर मिळकतीच्या सातबारा उताऱ्यावर व फेरफार क्र. … मध्ये लिहून देणार यांचे नाव ‘सोनाबाई गणपत जाधव’ असे, तर आधार व पॅन कार्डावर ‘लक्ष्मी गणपत जाधव’ असे आहे. ही दोन्ही नावे लिहून देणार यांचीच असून यांपैकी कोणत्याही नावाच्या अन्य व्यक्तीचा सदर मिळकतीत हक्क वा हितसंबंध नाही.”

सोबत याच मजकुराचे प्रतिज्ञापत्र जोडावे. खरे वजन या उताऱ्यातल्या शेवटच्या वाक्याला आहे. घेणाऱ्याने ते वाचून वारसाचा फेरफार उघडावा आणि वारसांची नावे एकेक करून मोजावीत. सखाराम यांच्या मुलींत ‘सोनाबाई’ आणि ‘लक्ष्मी’ अशी दोन नावे स्वतंत्र ओळींवर दिसली, तर हा ‘उर्फ’ नाही. त्या दोघी बहिणी असू शकतात आणि एका ‘उर्फ’मध्ये एकीचा हिस्सा गिळला जाऊ शकतो. नवऱ्याचे नाव, गट क्रमांक आणि वंशावळ ताडून पाहिल्याशिवाय तिथे पुढे जाऊ नये.

शेवटची अडचण बहुधा टंकलेखकाच्या टेबलावर होते. दस्तात ‘उर्फ’ नीट असतो, पण नोंदणीसाठी संगणकात माहिती भरताना फक्त आधारवरचे नाव टाकले जाते. मग नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा असलेल्या सूची क्र. २ वर एकटी ‘लक्ष्मी’ उतरते. तिच्या आधारे तलाठी फेरफार धरतात, सातबाऱ्यावर लक्ष्मी नसते आणि मंडळ अधिकाऱ्यांकडे नोंद नामंजूर होऊ शकते. म्हणून दुय्यम निबंधकांसमोर दस्त कबूल करण्याआधी भरलेल्या माहितीची प्रत मागून नावाच्या रकान्यात ‘उर्फ’सह पूर्ण नाव आहे का ते पाहा. दस्ताच्या मजकुरातली चूक नोंदणीनंतर लक्षात आली तर चूकदुरुस्ती लेख करावा लागतो, आणि त्यासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा दुय्यम निबंधकांसमोर यावे लागते.