नेमसर्व्हर बदलल्यापासून ईमेल येत नाहीत, जातात मात्र. वेबसाइटवाला म्हणतो ४८ तास थांबा. थांबू का?

नका थांबू. नवीन होस्टिंगच्या झोनमध्ये, म्हणजे नव्या नेमसर्व्हरवरच्या तुमच्या डोमेनच्या नोंदवहीत, तुमचे एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणाऱ्या नोंदी, कोणी भरलेले नाहीत. ते भरेपर्यंत ४८ तास थांबा नाहीतर ४८ दिवस, मेल यायचे नाहीत. उलट आज जे थोडेफार येत असतील तेही उद्या थांबतील.

हे "४८ तास" ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण आमच्या घरात त्यावरून अजून वाद आहे. माझ्या मामांचं गोव्यात मांद्र्याला गेस्ट हाऊस आहे. परदेशी पाहुणे बरेचसे थेट मेलवर विचारणा करतात, मेल गुगलकडे आणि डोमेन .com. दिवाळी झाली, सीझन तोंडावर आला, आणि मामांना नवीन वेबसाइटची हुक्की आली. ती करणाऱ्यानं सांगितलं, नेमसर्व्हर आमचे टाका. मामांनी टाकले. साइट झकास दिसायला लागली.

पहिल्या दिवशी मेल येत होते. दुसऱ्या दिवशी तुरळक. मग एकही नाही. मामा म्हणाले, "यंदा सीझनच थंड दिसतो रे." पाठवलेले मेल जात होते, त्यामुळे मेलवर संशय घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. जाणारा मेल गुगलच्या सर्व्हरवरून निघतो, त्याला तुमचा एमएक्स लागत नाही. तो लागतो दुसऱ्यानं तुम्हाला पाठवलेल्या मेलला. शेवटी एका जुन्या पाहुणीनं व्हॉट्सॲपवर विचारलं, मेलला उत्तर का देत नाही, रागावलात का? तेव्हा मला फोन आला. वेबसाइटवाल्याला विचारलं तर म्हणे, "प्रोपगेशन चालू आहे, ४८ तास लागतात."

प्रोपगेशन म्हणजे काय ते एकदा नीट बघा. या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, हे .com चे सर्व्हर सांगतात आणि ते उत्तर १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास, लक्षात ठेवायची मुभा देतात. मेल पाठवणाऱ्या ज्या सर्व्हरकडे जुनं उत्तर शिल्लक असतं ते जुन्या नेमसर्व्हरला विचारतात. तिथे एमएक्स शाबूत असतो, म्हणून त्यांचा मेल पोचतो. मुदत संपली की ते नव्याकडे जातात आणि त्यांचा मेल चुकतो. म्हणजे मामांना पहिल्या दिवशी जे मेल मिळाले ते प्रोपगेशन पूर्ण न झाल्यामुळे मिळाले! सुरुवातीला मेल येतात आणि मग आटत जातात, ही या बिघाडाची खूणच आहे. नुसतं प्रोपगेशन असतं तर चित्र उलटं दिसलं असतं.

मग ते मेल गेले कुठे? एमएक्स नसेल तर पाठवणारा सर्व्हर गप्प बसत नाही. नियमाप्रमाणे तो डोमेनचा ए रेकॉर्ड बघतो आणि त्या पत्त्यावर मेल द्यायला जातो. ए रेकॉर्ड म्हणजे तुमची वेबसाइट जिथे आहे त्या मशीनचा पत्ता. मामांच्या झोनमध्ये तर होस्टिंगच्या पॅनेलनं आपणहून एक एमएक्स टाकला होता, डोमेनकडेच बोट दाखवणारा. दोन्ही वाटा वेबसर्व्हरवरच जातात. तिथे मेल घेणारा प्रोग्राम चालूच होता. मामांचा info पत्ता तिथे कोणी तयार केलेला नव्हता, पण अशा बेवारस पत्त्यांचे मेल मुख्य खात्याच्या पेटीत टाकायची सेटिंग होती. त्यामुळे पाठवणाऱ्याला काही कळलं नाही, मेल परत गेला नाही आणि मामांनाही दिसला नाही. होस्टिंगच्या वेबमेलमध्ये मुख्य युजरनेमनं लॉगिन केलं तर ख्रिसमसच्या आठवड्याच्या विचारणा तिथे पडलेल्या. निम्म्या लोकांनी तोवर दुसरीकडे खोल्या घेतल्या होत्या.

तुमचं तेच झालंय का हे बघायला पाच मिनिटं पुरतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि जुन्या व नव्या नेमसर्व्हरला वेगवेगळं विचारा (नावं तुमची घाला):

```
nslookup -type=mx example.com ns1.old-host.example
nslookup -type=mx example.com ns1.new-host.example
```

जुना नीट उत्तर देतो आणि नवा एकतर काहीच देत नाही किंवा तुमचंच डोमेन परत सांगतो, असं दिसलं की वाद मिटला. स्क्रीनशॉट काढून वेबसाइटवाल्याला पाठवा. जुन्या झोनमधले एमएक्स नव्यात जसेच्या तसे भरा. गुगल असेल तर आता `smtp.google.com` हा एकच, प्रायॉरिटी 1, पुरतो. जुने पाच `aspmx` वाले असतील तर तेही चालतात. पॅनेलनं टाकलेला स्वतःकडे बोट दाखवणारा एमएक्स मात्र काढा, नाहीतर काही मेल तिकडेच जात राहतील. जुनी कंपनी तिच्याकडचा झोन कधीही पुसू शकते, म्हणून आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि आता माझं मत. वेबसाइट हलवायला नेमसर्व्हर बदलावेच लागत नाहीत. होस्टिंगवाल्याकडून आयपी घ्या, आहे त्याच झोनमध्ये डोमेनचा आणि www चा ए रेकॉर्ड बदला, संपलं. मेलला कोणी हात लावला नाही तर मेल बिघडत नाही. नेमसर्व्हर मागतात ते त्यांच्या सोयीसाठी, गिऱ्हाइकाला चार ओळी समजावत बसायला नको म्हणून. हे मी मामांना आधी सांगितलं होतं. पण मामा दर चवथीला सगळ्यांसमोर सांगतात, "भाच्यानं उगीच घाई केली, दोन दिवसांनी झालंच असतं." मामा वाचत असतील तर वरचा १,७२,८०० वाला परिच्छेद पुन्हा वाचावा.

बरं, थोडं थांबावं लागतंच, पण दुरुस्ती केल्यावर. चुकीचं उत्तर ज्यांनी लक्षात ठेवलंय ते त्याची मुदत संपेपर्यंत तेच वापरणार. सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ही मुदत बहुधा १४,४०० सेकंद, म्हणजे ४ तास असते. शिवाय तुमच्या वेबसर्व्हरवर मेल घेणारं कोणी नसेल, तर पाठवणारे सर्व्हर मेल रांगेत ठेवून बहुतेक वेळा चार-पाच दिवस प्रयत्न करतात, आणि एमएक्स सुधारल्यावर ते मेल उशिरा का होईना येतात. तेवढ्यापुरतं मामांचं खरं. "असा पत्ता नाही" म्हणून परत गेलेले मात्र पाठवणाऱ्याला पुन्हाच पाठवावे लागतील.

एमएक्स सोबत एसपीएफ आणि डीकेआयएमचे, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणारे, टीएक्सटी रेकॉर्डही मागेच राहिले असणार. "जातात मात्र" म्हणता, पण ते समोरच्याच्या स्पॅममध्ये जात नाहीत ना हे बघा. २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे या दोनपैकी निदान एक मागतं. आणि साइटवरच्या संपर्क फॉर्मचे मेल एमएक्स सुधारल्यावरही येत नसतील, तर सीपॅनेलमध्ये Email Routing उघडून Remote Mail Exchanger निवडा. तोवर तो सर्व्हर स्वतःलाच तुमचं पोस्ट ऑफिस समजत असतो.